हिशेबात वाढलेल्या आठ लाख स्त्रिया

२०११च्या जनगणनेचा जिल्हावार तक्ता संगणकाला दिला आणि त्यातून विभागवार गोषवारा आपोआप तयार करायला सांगितलं, तर कोकणाबद्दल असं एक वाक्य सहज बाहेर पडतं: ‘कोकण विभागात दर हजार पुरुषांमागे ९४९ स्त्रिया आहेत, राज्याच्या ९२९ या प्रमाणापेक्षा हे प्रमाण २०ने जास्त आहे.’ वाक्य नीट आहे, व्याकरण शुद्ध आहे, आणि त्यामागचे सगळे जिल्ह्यांचे आकडे जनगणनेतलेच आहेत. तरीही वाक्य खोटं आहे. कोकणातलं खरं प्रमाण ८९४ आहे, म्हणजे राज्यापेक्षा ३५ने कमी. आकडा थोडा इकडेतिकडे झालेला नाही, निष्कर्षच उलटा झाला आहे.

हे कसं होतं ते पाहण्यासाठी तक्ताच उघडायला हवा. जनगणना झाली तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, त्यामुळे कोकण विभागात सहा जिल्हे होते. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या मुंबई शहरात ८३२, मुंबई उपनगरात ८६०, ठाण्यात ८८६, रायगडात ९५९, सिंधुदुर्गात १०३६ आणि रत्नागिरीत ११२२. या सहा आकड्यांची बेरीज ५६९५. तिला सहाने भागलं की ९४९ येतात. शाळेत शिकवलेली सरासरी हीच, आणि संगणकही न विचारता तेच करतो.

चूक भागाकारात नाही. या हिशेबात प्रत्येक जिल्ह्याला एकेक मत मिळालं आहे, आणि जिल्हे मात्र सारखे नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून पुरुष होते पावणेबारा लाखांच्या आसपास. सगळ्या कोकण विभागात पुरुष होते १ कोटी ५१ लाख. म्हणजे तळकोकणातल्या या दोन जिल्ह्यांचा वाटा आठ टक्क्यांहूनही थोडा कमी. पण सहांपैकी दोन जिल्हे म्हणून सरासरीत त्यांना तेहतीस टक्के वजन मिळालं. उलट ठाणे आणि मुंबई उपनगर या दोनच जिल्ह्यांत विभागातले बहात्तर टक्के पुरुष राहत होते, आणि त्यांनाही तेवढंच तेहतीस टक्के वजन मिळालं. जिथे माणसं कमी तिथलं प्रमाण जास्त आणि जिथे माणसांची गर्दी तिथलं प्रमाण कमी, असं असताना साध्या सरासरीनं कमी माणसांचा आवाज चौपट मोठा केला.

कोकणातल्या वाचकाला यामागचं कारण सांगावं लागणार नाही. रत्नागिरीत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त दिसतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथले कर्ते पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला गेले. जनगणनेत माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो, त्यामुळे तो रत्नागिरीच्या पुरुषांमधून कमी होतो आणि मुंबई-ठाण्याच्या पुरुषांमध्ये वाढतो. एकच माणूस एका जिल्ह्याचं प्रमाण वर नेतो आणि दुसऱ्याचं खाली आणतो. विभाग एकत्र मोजला की ही ये-जा आपोआप फिटते, कारण माणूस विभागाबाहेर गेलेलाच नसतो. जिल्ह्यांच्या प्रमाणांची साधी सरासरी घेतली की मात्र फिटत नाही: लहान जिल्ह्यातून गेलेला माणूस तिथलं प्रमाण बरंच वर ढकलतो, आणि मोठ्या जिल्ह्यात आल्यावर तिथलं प्रमाण जेमतेम हलवतो. नोकरीसाठी झालेलं स्थलांतर अशा गोषवाऱ्यात ‘कोकणात स्त्रियांचं प्रमाण चांगलं’ या बातमीचं रूप घेतं. मला ही चूक गंभीर वाटते ती यासाठी. ती लोकांच्या जगण्यातली एक मोठी गोष्ट झाकते आणि तिच्या जागी न घडलेली दुसरी गोष्ट ठेवते.

खरा आकडा काढायची रीत अवघड नाही. सहा जिल्ह्यांतल्या सगळ्या स्त्रियांची बेरीज करायची: १,३४,९७,६३४. सगळ्या पुरुषांची बेरीज करायची: १,५१,०३,८०७. पहिलीला दुसरीनं भागून हजारानं गुणायचं: ८९३.६६, म्हणजे ८९४. आधी बेरजा, मग एकदाच भागाकार. तक्त्यात ‘ब’ रकान्याच्या जागी B म्हणजे पुरुष, C म्हणजे स्त्रिया आणि D म्हणजे जिल्ह्याचं प्रमाण असेल, तर चुकीचं आणि बरोबर सूत्र असं शेजारी शेजारी दिसतं:

```
=AVERAGE(D2:D7)
=SUM(C2:C7)/SUM(B2:B7)*1000
```

पहिलं सूत्र ९४९ देतं, दुसरं ८९४. गोषवारे तयार करणाऱ्या प्रणालींमध्ये पहिलं सूत्र वारंवार आढळतं, कारण D रकाना आयता तयार असतो. जिल्ह्याच्या पत्रकात प्रमाण छापलेलं असतं, ते उचललं जातं, आणि मूळ संख्या मागच्याच पानावर राहून जातात.

कधी कधी मूळ संख्या पूर्ण मिळत नाहीत, फक्त प्रमाणं आणि लोकसंख्या मिळते. मग भारित सरासरी काढतात, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याच्या प्रमाणाला त्या जिल्ह्याच्या आकारानं गुणायचं, सगळं मिळवायचं आणि एकूण आकारानं भागायचं. इथे एक बारीक खाच आहे, आणि जाणकारही तिच्यात अडकतात. आकार म्हणून एकूण लोकसंख्या घेतली तर कोकणाचं प्रमाण ८९६ येतं. पुरुषांची संख्या घेतली तर ८९४ येतं, म्हणजे बरोबर. प्रमाण ‘दर हजार पुरुषांमागे’ आहे, त्यामुळे वजनही पुरुषांच्या संख्येचंच हवं. नियम एवढाच: ज्या संख्येनं भागून प्रमाण काढलं, तीच संख्या वजन म्हणून वापरायची. दर हेक्टरी उत्पादन असेल तर वजन हेक्टरांचं, क्विंटलमागे दर असेल तर वजन क्विंटलांचं, शाळेच्या निकालाची टक्केवारी असेल तर वजन परीक्षेला बसलेल्या मुलांचं. उत्तीर्ण झालेल्या किंवा पटावर असलेल्या मुलांचं वजन इथे चालणार नाही.

आपल्यासमोर आलेला आकडा सरासरीची सरासरी आहे का, हे ओळखता येतं. एक परीक्षा उलट्या गुणाकाराची. ९४९ हे प्रमाण खरं असेल, तर १ कोटी ५१ लाख पुरुषांमागे सुमारे १ कोटी ४३ लाख स्त्रिया असायला हव्यात. जनगणनेनं मोजलेल्या स्त्रिया आहेत १ कोटी ३५ लाख. गोषवाऱ्यातल्या एका वाक्यानं आठ लाखांवर स्त्रिया जास्तीच्या दाखवल्या. सबंध सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या स्त्री-पुरुष मिळून साडेआठ लाख होती, तिच्या जवळपास जाणारी ही संख्या. आकडा उलट दिशेनं गुणून मूळ बेरजेपर्यंत पोचत नसेल, तर तो वापरायचा नाही.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. १ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. समजा, २०११चीच शिरगणती नव्या सीमांप्रमाणे मांडली. माणसं तीच, घरं तीच, फक्त सहाऐवजी सात ओळी. बेरजा करून काढलेलं प्रमाण तसूभरही हलणार नाही, ८९४च राहील. पण ओळींची साधी सरासरी ठाण्याच्या जागी दोन वेगळे आकडे आल्यामुळे आणि भाजक सहाऐवजी सात झाल्यामुळे बदलते. कागदावर जिल्ह्याची रेघ ओढल्यानं लोकांबद्दलचा आकडा बदलत असेल, तर तो आकडा लोकांबद्दलचा नाही, रेघांबद्दलचा आहे. स्वयंचलित गोषवारा बनवणाऱ्यांनी ही तपासणी कार्यक्रमातच घालून ठेवावी: एखादी मोठी ओळ दोन भागांत तोडायची आणि एकूण आकडा तोच येतो का ते पाहायचं.

साधी सरासरी प्रत्येक वेळी चूक असते असं मात्र नाही. ‘कोकणातला जिल्हा साधारण कसा आहे’ असा प्रश्न असेल, जिल्हा परिषदा किंवा जिल्हा रुग्णालयं यांची एकमेकांशी तुलना करायची असेल, तर प्रत्येक जिल्ह्याला एक मत देणं रास्त आहे. मग वाक्यात तसं लिहायला हवं: ‘सहा जिल्ह्यांच्या प्रमाणांची सरासरी ९४९.’ ‘कोकणात दर हजार पुरुषांमागे’ असं म्हटलं की वाचक माणसांचा विचार करतो, आणि तिथे माणसंच मोजलेली असायला हवीत. कोकणासारख्या विभागात तर एकाच आकड्यावर थांबूही नये. ‘विभागाचं प्रमाण ८९४, मुंबई शहरात ८३२, तर रत्नागिरीत ११२२’ एवढं एका ओळीत मावतं, आणि त्यातून वाचकाला स्थलांतराचा अंदाज येतो.

आता पूर्णांकांकडे वळू. शाळेच्या गणितात याला आसन्न किंमत म्हणतात. रोजच्या बोलण्यात आपण आकडा ‘राउंड’ करतो. वरच्या उदाहरणात जिल्ह्यांची प्रमाणं आधीच पूर्णांकात आणलेली होती, तरी भारित सरासरी ८९४च आली. मोठ्या हिशेबात लहान चुका थोड्या वर, थोड्या खाली होऊन एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. पण त्यावर विसंबता येत नाही. सिंधुदुर्ग आणि मुंबई उपनगर हे दोनच जिल्हे घ्या. मूळ संख्यांवरून दोन्हींचं मिळून प्रमाण ८७३.२४ येतं. १०३६ आणि ८६० हे छापील आकडे पुरुषसंख्येच्या वजनानं मिळवले तर येतं ८७३.४८. फरक पाव अंकाचा. आता गोषवारा तयार करणाऱ्या साखळीत पहिल्या टप्प्यानं हा आकडा एक दशांश स्थळापर्यंत ठेवला, ८७३.५ झाला. पुढच्या टप्प्यानं तो पूर्णांकात आणला, ८७४ झाला. खरा आकडा ८७३ आहे. प्रत्येक टप्प्यानं नियम पाळला आणि तरी शेवटी छापलं गेलं ते चूक. म्हणून आसन्न किंमत एकदाच घ्यायची, छापण्याच्या क्षणी. तोवर हिशेबात पूर्ण आकडाच फिरायला हवा.

एका अंकाच्या फरकानं काय बिघडतं, असं वाटेल. आकडा एखाद्या सीमारेषेजवळ असेल तर सगळंच बिघडतं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यात ५ एप्रिल १९९२ला निवडणूक झाली. तिथल्या विधानसभेत जागा मिळण्यासाठी पक्षाला किमान पाच टक्के मतं लागतात. ग्रीन पक्षाला ४.९७ टक्के मतं मिळाली होती. निकाल छापणारा कार्यक्रम टक्केवारी एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवायचा, त्यामुळे कागदावर ५.० आलं आणि ग्रीन पक्ष विधानसभेत पोचला असं जाहीर झालं. चूक मध्यरात्रीनंतर लक्षात आली. ग्रीन पक्षाच्या जागा गेल्या, आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला ८९पैकी ४५ जागा, म्हणजे एका जागेचं बहुमत मिळालं. सरकार कोणाचं यावर परिणाम करणारी गोष्ट दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकात होती, आणि तोच अंक छापला जात नव्हता. उंबरठा ओलांडला की नाही हा निर्णय मूळ आकड्यावरून घ्यायचा असतो, दाखवण्यासाठी गोल केलेल्या आकड्यावरून नाही. आकडा उंबरठ्याला इतका चिकटून असेल, तर दाखवतानाही जास्त स्थळं दाखवायला हवीत.

लहान चुका एकमेकींना खोडतात, हेही त्या दोन्ही बाजूंना होत असतील तरच. कॅनडातल्या व्हँकूव्हर शेअर बाजारानं जानेवारी १९८२मध्ये आपला निर्देशांक १०००वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो पुन्हा काढला जाई, दिवसाला सुमारे तीन हजार वेळा, आणि दर वेळी तीन दशांश स्थळांनंतरचे अंक जवळच्या आकड्याकडे न नेता सरळ कापून टाकले जात. कापल्यानं आकडा कमीच होतो, कधी वाढत नाही. एका वेळी सरासरी अर्धा सहस्रांश गेला, तरी तीन हजार वेळांचे दीड अंक होतात, आणि तेही रोज. बाजार तेजीत असताना निर्देशांक घसरत राहिला. नोव्हेंबर १९८३मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता. दुरुस्ती केल्यावर १०९८.८९२ झाला. बावीस महिने लोक पडझडीचा आकडा वाचत होते, आणि पडझड झालेलीच नव्हती. आकडा दर वेळी मागच्या छापील आकड्यावरून पुढे नेला जात असेल, तर अधूनमधून तो मूळ नोंदींवरून पहिल्यापासून मोजून पाहावा लागतो. एरवी ही गळती कोणाला दिसत नाही.

गोल केलेल्या आकड्यांची वजाबाकी हाही असाच एक धोका आहे. महाराष्ट्राचं स्त्री-पुरुष प्रमाण २००१मध्ये ९२२ होतं, २०११मध्ये ९२९ झालं. वाढ सात. हेच प्रमाण एखाद्या तक्त्यात पुरुषामागे ०.९२ आणि ०.९३ असं दिलं असेल, तर गोषवारा वाढ ०.०१ सांगतो, म्हणजे हजारामागे दहा. सातची दहा झाली. मूळ आकड्यात नगण्य असलेली चूक वजाबाकीत मोठी होते, कारण वजाबाकीचं उत्तरच लहान असतं. वाढ किंवा घट सांगायची असेल तर ती मूळ आकड्यांवरून आधी काढायची आणि मग गोल करायची.

टक्क्यांची बेरीज शंभर न भरण्याचा प्रकार वाचकांनी वर्तमानपत्रात पाहिलेला असतो. कोकणातल्या सहा जिल्ह्यांचा विभागाच्या लोकसंख्येतला वाटा पूर्णांकात लिहिला तर ठाणे ३९, उपनगर ३३, मुंबई शहर ११, रायगड ९, रत्नागिरी ६ आणि सिंधुदुर्ग ३ येतो. बेरीज १०१. यात चूक काही नाही. ‘आसन्न किमतींमुळे बेरीज १०० होत नाही’ एवढी तळटीप पुरते. पण अनेक कार्यक्रम शेवटची ओळ मोजतच नाहीत. शंभरातून बाकीच्यांची बेरीज वजा करून तिथे टाकतात, म्हणजे तक्ता नीटनेटका दिसावा. मग सिंधुदुर्गाच्या वाट्याला ३ऐवजी २ येतात. खरा वाटा २.९७ टक्के आहे. दोन टक्के वाचणाऱ्याला हा जिल्हा पावणेसहा लाख माणसांचा वाटेल, आणि तिथे राहत होती साडेआठ लाख. यादीच्या तळाशी असलेल्या लहान जिल्ह्यानं सगळ्या विभागाच्या आसन्न किमतींचा भार उचलायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. बेरीज १०१ दिसलेली चालेल.

इथवरचे सगळे दोष दुरुस्त करता येतात, कारण जनगणनेत मूळ संख्या हाती असतात. कांद्याच्या दरांच्या बाबतीत मात्र तसं नाही, आणि ‘आज राज्यात कांद्याचा सरासरी दर’ असे आपोआप बनलेले संदेश तर शेतकऱ्यांच्या फोनवर येत असतात. बाजार समित्या रोज आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर जाहीर करतात. समजा, एका मोठ्या बाजारात २०,००० क्विंटल आवक झाली आणि सर्वसाधारण दर १५०० रुपये राहिला, आणि दूरच्या एका लहान बाजारात १०० क्विंटलला ३००० रुपये मिळाले. साधी सरासरी २२५० रुपये सांगेल. आवकेच्या वजनानं काढली तर १५०७ रुपये येतात. बावीसशेचा संदेश वाचून गाडी भरणाऱ्याला बाजारात गेल्यावर पंधराशेच्या आसपास दर मिळणार आहे.

आवकेचं वजन दिलं की मोठी चूक जाते, पण हिशेब पूर्ण बरोबर होत नाही. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या दरानं बहुतांश माल विकला गेला तो दर. ती सगळ्या मालाची सरासरी नव्हे. दर्जाप्रमाणे माल बराच वरखाली गेलेला असेल, तर एकूण विक्रीची रक्कम भागिले एकूण क्विंटल हा आकडा सर्वसाधारण दरापासून दूर असू शकतो. विक्रीची रक्कम जाहीर झालेली नसेल, तर कोणत्याही सूत्रानं ती परत मिळवता येत नाही. अशा वेळी राज्याचा एकच आकडा छापण्यापेक्षा सर्वांत जास्त आवक असलेल्या चार-पाच बाजारांचे दर आवकेसह द्यावेत, आणि राज्याचा आकडा द्यायचाच असेल तर तो ‘आवकेनुसार भारित सर्वसाधारण दर’ आहे असं त्याच ओळीत लिहावं. आवक वाचली की शेतकऱ्याला कळतं की तीन हजारांचा दर शंभर क्विंटलसाठीच होता.